अत्तराची जुनी बाटली किती जुनी? बूच, काच आणि कोरीव काम पाहून वय काढायची पद्धत

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अत्तराची एखादी देखणी बाटली उचलली की "पेशवेकालीन माल आहे" नाहीतर "नवाबाच्या घरून आलाय" हे ठरलेलं वाक्य कानावर पडतं. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, बऱ्याचदा त्यालाही तसंच सांगून माल दिलेला असतो. पण बाटली स्वतः तिचं वय सांगते, आणि ते वाचायला नवख्या माणसालाही जमतं.

सगळ्या पद्धतीचा पाया एकच आहे : बाटलीवरची सगळ्यांत नवी खूण तिचं वय ठरवते, सगळ्यांत जुनी नव्हे. हाताने घासून बसवलेलं बूच १७६० सालीही होतं आणि १९२० सालीही होतं. त्यामुळे ते दिसलं म्हणून बाटली १७६० ची ठरत नाही. त्याच बाटलीवर १८९० नंतरच्या तंत्राची एक जरी खूण सापडली, तरी बाकी काहीही असो, बाटली त्याआधीची असू शकत नाही.

इथे मी फक्त काचेच्या बुचाच्या, पैलू पाडलेल्या किंवा कोरलेल्या बाटल्यांबद्दल लिहितोय. आपल्याकडच्या जुन्या घरांतून निघणाऱ्या अशा बऱ्याच बाटल्या एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इंग्लंड, फ्रान्स आणि बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून आलेल्या असतात. अत्तर कनौजचं आणि बाटली विलायती, ही जोडी तेव्हा अगदी रुळलेली होती. बर्मिंगहॅमच्या ओस्लर या काचेच्या कंपनीने तर १८४० च्या दशकातच कलकत्त्यात आपलं दुकान थाटलं होतं.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, छोटा टॉर्च, नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च, दोरा, पाण्याचं भांडं आणि वजनकाटा. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा असला तर उत्तम.

पहिली पायरी : बूच

बूच घट्ट बसलं असेल तर पिळू नका. मान तिथेच तुटते. बूच आणि तोंड यांच्या फटीत खोबरेल तेलाचे एक-दोन थेंब सोडा, रात्रभर तसंच ठेवा, मग मान तळहातात धरून ऊब द्या आणि बुचाला लाकडी चमच्याच्या दांड्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलके ठोके द्या. नाही निघालं तर पुन्हा तेल. काहींना आठवडा लागतो, लागू द्या. गरम पाण्यात बुडवणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं हे उपाय जाड काचेला तडा देतात.

बूच निघालं की त्याचा मानेत जाणारा दांडा पाहा. हाताने बसवलेलं बूच तीन टप्प्यांत तयार होई. आधी दांडा फिरत्या यंत्रावर धरून त्याला किंचित निमुळता आकार देत. मग लोखंडी निमुळत्या सळईला कुरुंदाची पूड आणि पाणी किंवा तेल लावून बाटलीची मान आतून घासत. शेवटी तेच बूच त्याच मानेत घालून, मध्ये बारीक पूड सोडून, दोघांना एकमेकांवर फिरवत. या शेवटच्या घासणीमुळे ते बूच फक्त त्याच बाटलीचं होतं. कारखान्यात जोड्या चुकू नयेत म्हणून दोन्हीवर एकच आकडा खरवडून ठेवायची पद्धतही होती. बुचावर तो दांड्यावर किंवा दांड्याच्या टोकाशी असतो, बाटलीवर तोंडाच्या कडेला किंवा बुडाशी. हिऱ्याच्या टोकाने ओरखडल्यासारखा इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. दोन्ही आकडे जुळले तर बूच मूळचं आहे याचा याहून चांगला पुरावा नाही. आकडा नसला म्हणून मात्र काही बिघडत नाही.

आकडा नसेल तर पाण्याच्या थेंबाची कसोटी करा. घासलेला भाग कोरडा असताना पांढरट, दुधी दिसतो. दांड्याला पाणी लावून बूच बसवा आणि मागून टॉर्च धरा. काचेला काच जिथे नीट टेकली आहे, तिथे पाण्याची पातळ फिल्म बसून दुधीपणा जातो आणि तो भाग करडा, जवळजवळ पारदर्शक दिसतो. जिथे फट आहे तिथे हवेचा चकचकीत, चंदेरी डाग राहतो. मूळच्या जोडीत हा पारदर्शक पट्टा गोल फिरून अखंड असतो. दुसऱ्या बाटलीचं बूच आणून बसवलेलं असेल तर ते फक्त वरच्या किंवा खालच्या एका कड्याशी टेकतं, बाकी सगळीकडे चंदेरी दिसतं. शिवाय असं बूच हलवल्यावर खुटखुटतं, आणि दांड्यावरचा घासलेला पट्टा मानेतल्या पट्ट्यापेक्षा लांब किंवा आखूड भरतो.

आता वय. इंग्लंडमध्ये दारूच्या काचेच्या सुरयांना घासून बसवलेली बुचं अठराव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास दिसतात, आणि सुगंधाच्या बाटल्यांनीही तीच वाट धरली. म्हणजे नुसत्या हाताच्या घासणीवरून १७५० ते १९२० एवढाच मोठा पट्टा हाती लागतो. दुसऱ्या टोकाला गोष्ट सोपी आहे. विसाव्या शतकात ठरावीक मापाचा निमुळतेपणा यंत्राने पाडायला लागले आणि एकाच संचातली बुचं एकमेकांत बदलता येऊ लागली. तुमच्याकडे जोडी असेल तर बुचांची अदलाबदल करून पाहा. दोन्ही तितकीच घट्ट बसली, तर बाटल्या यंत्रयुगातल्या. दांड्यावर प्लास्टिकची पांढरी बाही असेल, किंवा अत्तर लावायची काचेची काडी बुचात चिकटवलेली असेल, तर बाटली बहुधा गेल्या साठ-सत्तर वर्षांतलीच. जुन्या बुचात काडी दांड्यातूनच ओढून काढलेली असते, जोड दिसत नाही. चिकटवलेली असेल तर यूव्ही टॉर्चखाली आधुनिक गोंद बहुतेक वेळा निळसर-पांढरा चमकतो.

मानेच्या आतल्या दुधी पट्ट्याचा रंगही बघा. वर्षानुवर्षं चंदनाच्या तेलातलं अत्तर राहिलं की ते त्या खरखरीत पृष्ठभागात मुरतं, आणि पट्टा पिवळट-तपकिरी होतो. पूर्ण पांढरा, कोरा पट्टा असेल तर बाटली न वापरलेली आहे किंवा नवी आहे. तपकिरी रंग नंतर चहा किंवा तेल लावूनही आणता येतो, म्हणून याला मी आधाराचा पुरावा मानतो, मुख्य नव्हे.

दुसरी पायरी : काच

सुरुवात बुडापासून करा. फुंकलेली बाटली पूर्वी तोंड घडवताना बुडाला लोखंडी सळई चिकटवून धरत. सळई तोडली की तिथे खरखरीत, धारदार वण राही. साध्या बाटलीवर तो तसाच असतो, उंची बाटलीवर तो घासून, पॉलिश करून गोल गुळगुळीत खळगा केलेला असतो किंवा त्यावर तारा कापलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बाटली चिमट्यासारख्या साधनात धरायला लागले आणि साध्या मालावरचा हा वण नाहीसा होत गेला. पण उंची कापीव मालात तो बराच काळ टिकला, म्हणून वण दिसला की "दीडशे वर्षं जुनी" असं लगेच म्हणू नका.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी रेघ, म्हणजे शिवण, हीही नेहमीची खूण. साध्या बाटलीवर शिवण थेट ओठावरून पलीकडे गेलेली असेल तर ती विसाव्या शतकातली, यंत्रावरची. ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या आसपासचं आहे. मात्र काचेच्या बुचाच्या बाटलीचं तोंड वरून घासून सपाट केलेलं असतं, त्यामुळे ओठावरची शिवण पुसली जाते. इथे शिवण मानेवर आणि पैलूंच्या मधल्या खाचांत शोधायची.

मग ठरवायचं की पैलू कापलेले आहेत की साच्यातून आलेले. टॉर्च बाटलीच्या तोंडातून आत सोडा आणि आतली भिंत पाहा. बाहेर नक्षी असूनही आतली भिंत सपाट, गोल असेल तर पैलू बाहेरून कापले आहेत. आतही तेच उंचवटे-खळगे उमटले असतील तर बाटली साच्यात फुंकलेली आहे. काडी आतून फिरवली तर ते हातालाही जाणवतं. साच्यातल्या पैलूंच्या कडा बोथट असतात आणि पृष्ठभागावर हलकी लाट दिसते.

काचेचा प्रकार वजनावरून कळतो. शिशाची काच जड असते, तिची घनता ३ च्या आसपास, साध्या सोड्याच्या काचेची २.५ च्या आसपास. मोजायची पद्धत घरगुती आहे. आधी बाटलीचं कोरडं वजन घ्या, बूच काढून. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. बाटली त्याच भांड्यातल्या पाण्याने आतून पूर्ण भरून, दोऱ्याने बांधून, भांड्याच्या तळाला किंवा भिंतीला न टेकवता पाण्यात लोंबकळती धरा. काटा आता जे ग्रॅम दाखवेल, तेवढं पाणी काचेने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. आत बुडबुडा राहिला तर उत्तर चुकतं, म्हणून बाटली पाण्याखालीच भरा. लहान कुपी असेल तर १ ग्रॅमचा काटा चालणार नाही, कारण अर्ध्या ग्रॅमच्या चुकीने २.५ आणि ३ यांतला फरक धूसर होतो. धातूचा पट्टा प्लास्टरने बसवलेल्या किंवा सोन्याचं काम असलेल्या बाटल्या मात्र पाण्यात बुडवू नका.

या घनतेवरून वय कळत नाही, मूळ गाव कळतं. शिशाची काच इंग्लंडमध्ये १६७० च्या दशकात जॉर्ज रॅव्हन्सक्रॉफ्टने आणली, आणि पुढे फ्रान्समधल्या बकारासारख्या कारखान्यांनीही ती उचलली. बोहेमियाची परंपरा वेगळी, तिथे पोटॅशची काच चाले, जी स्वच्छ आणि कठीण असली तरी हलकी भरते. म्हणून २.५ आलं की "साधा, नवा माल" असा निष्कर्ष काढू नका. कोरीव काम चांगलं असेल तर ती बोहेमियाची चांगली जुनी बाटली असू शकते. काच कुठली हे कळलं की तिच्यावर कोणतं कोरीव काम असायला हवं तेही कळतं, म्हणून ही पायरी मधे घातली आहे.

तिसरी पायरी : कोरीव काम

नवखे इथेच सगळ्यांत जास्त फसतात, आणि भिंग इथेच सगळ्यांत जास्त बोलतं.

हाताच्या उत्तम कोरीव कामात तांब्याच्या लहान चकत्या फिरत असत, त्यांच्या कडेला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून कारागीर बाटली चकतीखाली धरी. चकती गोल असल्यामुळे प्रत्येक फटकारा होडीच्या आकाराचा येतो : टोकाला उथळ, मधे खोल, पुन्हा उथळ. एकाच फुलाच्या दोन पाकळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर त्यांची खोली, टोकं थोडी वेगळी असतात. खाचेच्या आत एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात.

आम्लाने खोदलेली नक्षी यापेक्षा वेगळी. मेणासारख्या थराने काच झाकून, हवी तिथे उघडी ठेवून हायड्रोफ्लोरिक आम्लात सोडत. त्यामुळे खोली सगळीकडे सारखी, पृष्ठभाग साटीनसारखा एकसारखा दुधी, आणि एकाच नमुन्याच्या दोन फुलांमध्ये फरक नाही. हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्यापारी वापरात आलं. १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या स्टॉरब्रिजच्या जॉन नॉर्थवुडने यंत्राने नक्षी ओढायची सोय केली, म्हणून कधीच न अडखळणारी, न तुटणारी ग्रीक पद्धतीची कोनाकोनांची किनार दिसली की बाटली त्या दशकानंतरची समजा. वाळूचा फवारा मारून केलेली नक्षी आणखी पुढची. तिचं पेटंट टिलमनने १८७० मध्ये घेतलं, आणि भिंगातून ती दाणेदार दिसते, रेघा अजिबात नसतात. लेसरने कोरलेलं तर भिंगात लगेच उघडं पडतं : रेघ म्हणजे एकाला एक लागून असलेले सूक्ष्म तडकलेले ठिपके.

आता पैलूंची चमक. कापलेला पैलू आधी खरखरीत असतो, तो पॉलिश करावा लागतो. पूर्वी हे लाकडाच्या चाकावर प्युमिस आणि नंतर कथिलाची पूड लावून हाताने करत. अशा पैलूवर भिंगातून तिरपा प्रकाश टाकला तर अगदी बारीक समांतर रेघा उरलेल्या दिसतात आणि कडा बोटाला टोचतात. १८९० नंतर हळूहळू, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोठ्या प्रमाणावर, बाटली हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून सगळे पैलू एकदम चमकवायला लागले. आम्ल कडाही थोडी खातं. त्यामुळे असे पैलू ओलसर साबणासारखे दिसतात : चमक सगळीकडे सारखी, रेघा नाहीत, कडा किंचित विरघळल्यासारख्या. नवख्याने एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. विलायती कापीव बाटल्यांत शंभर वर्षांची चूक सुधारणारी याहून सोपी खूण मला माहीत नाही.

बोहेमियाच्या लाल बाटल्या आपल्याकडे खूप दिसतात. पारदर्शक काचेवर माणकासारखा लाल रंग आणि त्यातून कोरलेली द्राक्षवेल किंवा हरणं. हा लाल रंग काचेवर लेप देऊन भट्टीत चढवायची रीत फ्रीड्रिश एगरमानने १८३० च्या दशकात बसवली, म्हणजे त्याआधीची अशी बाटली असणार नाही. रंग लेपाचा आहे की लाल काचेचा वेगळा थर आहे, हे कोरलेल्या खाचेच्या कडेवर कळतं. लाल काचेच्या थराला भिंगातून जाडी दिसते, कडेला लाल पट्टी उमटते. लेपाला जाडी नसतेच, लाल एकदम संपतो आणि पारदर्शक काच सुरू होते. रंग नखाने किंवा ॲसिटोनच्या बोळ्याने निघाला तर तो भट्टीतला लेप नव्हे, नुसता रंग मारलेला आहे. कसोटी बुडाच्या कोपऱ्यात करा.

नाव, आद्याक्षरं किंवा सन कोरलेला असेल तर तो केव्हाही नंतर कोरता येतो हे ध्यानात ठेवा. जुना असेल तर वापरातले ओरखडे अक्षरांवरून, खाचांच्या कडा बोथट करत गेलेले दिसतात. नंतरचा असेल तर अक्षरच ओरखड्यांना कापून जातं. बुडाचे ओरखडेही याच नजरेने पाहा : खरी झीज फक्त टेकणाऱ्या कड्यावर आणि सगळ्या दिशांनी असते. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर सँडपेपर फिरवला आहे.

एक बाटली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

परिचितांच्या घरातली एक बाटली तपासायला आली होती. चेंडूसारखी गोल, अंगभर हिऱ्यासारखे टोकदार पैलू, खांद्यावर एका मोकळ्या पट्ट्यात फुलांची माळ कोरलेली, मानेला चांदीचा पट्टा आणि वर पैलूदार काचेचं बूच. घरात समजूत अशी की ती पेशवाईतली.

बुचाच्या दांड्यावर आकडा नव्हता. पाण्याच्या थेंबाने पट्टा गोल फिरून अखंड पारदर्शक झाला, खुटखुट नाही, मानेत तपकिरी डाग मुरलेला. बूच मूळचं. इथपर्यंत पेशवाईला कसलीच अडचण नव्हती.

चांदीचा पट्टा प्लास्टरने बसवलेला, म्हणून बाटली पाण्यात घातली नाही. फक्त बुचाची घनता मोजली : कोरडं वजन ६२.४ ग्रॅम, सारलेलं पाणी २०.५ ग्रॅम, भागाकार ३.०४. शिशाची काच, म्हणजे कल इंग्लंड किंवा फ्रान्सकडे. बूच आणि बाटली पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवली तर काचेची छटाही एकच होती. आतली भिंत गुळगुळीत, म्हणजे पैलू कापलेले.

फुलांची माळ भिंगाखाली घेतली. फटकारे होडीच्या आकाराचे, दोन पानं कधीच सारखी नाहीत, खाचांत रेघा. चकतीवर हाताने कोरलेलं अस्सल काम. घरच्यांचा चेहरा उजळला. पण शेजारचे पैलू पाहिले तेव्हा गोष्ट बदलली. एकाही पैलूवर पॉलिशची रेघ नाही, चमक एकसारखी, टोकदार दिसणारी हिऱ्याची टोकं बोटाला टोचत नव्हती. आम्लाचं पॉलिश. फुलांचा दुधीपणा मात्र आम्लाने खाल्लेला नव्हता, म्हणजे बाटली आम्लातून बाहेर आल्यावर फुलं कोरली गेली. कोरीव काम हाताचं असलं तरी ते पॉलिशनंतरचं, आणि पॉलिश १८९० नंतरचं. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती.

मग चांदीकडे वळलो. इंग्लिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप, गावाची खूण, म्हणजे बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर, आणि त्या वर्षाचं अक्षर असतं. अक्षराचा टाइप आणि भोवतीच्या ढालीचा आकार दोन्ही छापांच्या तक्त्याशी ताडून पाहावे लागतात, कारण तीच अक्षरं दर पंचवीसएक वर्षांनी परत येतात. इथे वर्ष निघालं १९०७. पट्टा नंतर बदललेला असू शकतो, म्हणून त्याची खालची कडा पाहिली. ती काचेवर खांद्याच्या खोबणीत नेमकी बसत होती आणि तिच्याखाली आणखी कुठल्या पट्ट्याची झीज नव्हती. आम्लाच्या पॉलिशने दिलेला काळ आणि चांदीचं वर्ष एकमेकांना धरून होते.

चिठ्ठीवर मी लिहिलं : "इंग्लंड, १९०७ च्या सुमारास. शिशाची काच, पैलू कापलेले, आम्लाचं पॉलिश, फुलं चकतीवर हाताने कोरलेली. बूच मूळचं, मानेत अत्तराचा डाग. पट्ट्याखाली प्लास्टर, पाण्यात बुडवू नये." वयाबरोबर ते कशावरून काढलं हेही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी भिंग घेऊन तीच बाटली तपासायला बसलं तर त्याला प्रत्येक खूण पुन्हा शोधून ताडता येते.